पाव अंश गेला कुठे?

जस्ताचे दाणे 6.54 ग्रॅम तोलून घेतले. थर्माकोलच्या पेल्यात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल 250 मिलिलिटर, लिटरला एक मोल या तीव्रतेचं. दोघांचं तापमान 25 अंश सेल्सिअस. दाणे आम्लात पडले की त्यांच्या अंगावर बारीक बुडबुडे धरतात, मग ते सुटून वर येऊ लागतात आणि पेला हाताला कोमट लागायला लागतो. उष्णता बाहेर जराही निसटली नाही असं धरलं, तर सगळं जस्त विरघळेपर्यंत आम्लाचं तापमान साधारण 14.7 अंशांनी वाढतं.

आता तेवढंच जस्त, तेवढंच आम्ल, पण पात्र वेगळं: जाड पोलादाचं, आतून आम्लाला दाद न देणारं अस्तर लावलेलं आणि झाकण घट्ट आवळलेलं. आम्लाच्या वर एक लिटर मोकळी जागा आहे. पोलादाने स्वतः शोषलेल्या उष्णतेचा हिशेब वेगळा करून बाजूला ठेवला, तर इथे आम्लाचं तापमान सुमारे 15 अंशांनी वाढतं. दोन्हीकडे जस्त तेच, आम्ल तेच, अभिक्रिया तीच. तरी बंद पात्रात पाव अंश जास्त मिळाला. (हे बंद पात्राचं काम काचेच्या बाटलीत बूच मारून कुणीही करू नये. आतला दाब साडेतीन वातावरणांपर्यंत चढतो, मोकळी जागा कमी असेल तर त्याहून कितीतरी वर, आणि बाटली फुटते. त्यात आतला वायू हायड्रोजन आहे.)

शाळेच्या प्रयोगशाळेतल्या एकेका अंशाच्या खुणांच्या तापमापीवर हा फरक दिसणारही नाही. दहाव्या भागाच्या खुणा असलेली तापमापी लागते. पण फरक खरा आहे आणि दर वेळी तेवढाच येतो. उघड्या पेल्यातला तो पाव अंश गेला कुठे, एवढ्या एका प्रश्नाचा माग काढत गेलं की रसायनशास्त्राच्या पुस्तकातलं एक सूत्र आपोआप हाती लागतं. बारावीची मुलं ते पाठ करतात. मला मात्र ते पाठ करण्यापेक्षा असं शोधून काढावं असं वाटतं, कारण शोधलेलं सूत्र चुकीच्या चिन्हानिशी लिहिलं जात नाही.

पहिला संशय हवेवर जातो. पेला उघडा आहे, तेव्हा थोडी उष्णता हवेत गेली असणार. तशी ती जातेही, पण आपण ती गळती शून्य धरली आहे आणि तरीही फरक उरतो. मग दोन पात्रांत वेगळं घडलं ते काय? बंद पात्रात हायड्रोजन आतच राहिला आणि पात्राच्या भिंती तसूभरही हलल्या नाहीत. उघड्या पेल्यातून हायड्रोजन बाहेर पडला आणि बाहेर पडण्यासाठी त्याला जागा लागली. ती जागा रिकामी नव्हती. तिथे आधीच हवा होती, आणि त्या हवेवर तिच्या वरच्या हवेचं ओझं होतं.

6.54 ग्रॅम जस्त म्हणजे एका मोलचा दहावा भाग. त्यातून हायड्रोजनही मोलच्या दहाव्या भागाएवढाच निघतो आणि 25 अंशांना, समुद्रसपाटीवरच्या दाबाला तो 2.45 लिटर जागा व्यापतो. ही जागा त्याने कशी मिळवली हे डोळ्यांसमोर यावं म्हणून पेल्याऐवजी एक उभं नळकांडं घेऊ. त्याचा तळ शंभर चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे दहा सेंटिमीटर लांब-रुंद चौकोन. आत जस्त आणि आम्ल, वर एक दट्ट्या, ज्याला स्वतःचं वजन नाही आणि जो कुठेही घासत नाही. दट्ट्याच्या डोक्यावर फक्त वातावरण आहे. वातावरणाचा दाब शंभर चौरस सेंटिमीटरवर 1013 न्यूटन भरतो. 103 किलोचं पोतं डोक्यावर ठेवलं तर जेवढा भार पडेल तेवढा. हायड्रोजन निघू लागतो तसा दट्ट्या वर सरकतो आणि शेवटी साडेचोवीस सेंटिमीटर वर जाऊन थांबतो. म्हणजे चिमूटभर जस्ताने क्विंटलभर ओझं वीतभर उचललं. बल गुणिले अंतर: 1013 न्यूटन गुणिले 0.245 मीटर, उत्तर 248 ज्यूल.

आता पाव अंशाकडे वळू. 250 ग्रॅम पाण्याचं तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे 1045 ज्यूल लागतात. 248 ज्यूलमध्ये ते वाढेल 0.24 अंश. हाच तो हरवलेला पाव अंश. उघड्या पेल्यात दट्ट्या नसतो, पण काम तेच होतं. बुडबुडा पृष्ठभागावर फुटतो तेव्हा तो आपल्या आकारमानाएवढी हवा बाजूला सारतो, आणि ती हवा वरच्या हवेला किंचित उचलते. दिसत काही नाही. खर्च मात्र पै-पैचा होतो.

गहाळ उष्णता म्हणजे वातावरण रेटण्याचं काम, ही ओळख रसायनशास्त्रापुरती नाही. ऊर्जा टिकून राहते, फक्त रूप बदलते, हा नियम ज्यांच्या नावाशी जोडला जातो त्यांपैकी एक युलिउस रोबर्ट मायर. तो जर्मनीतल्या हाइलब्रॉन गावचा डॉक्टर होता, जहाजावरचा वैद्य म्हणून जावापर्यंत जाऊन आलेला. वायू बंद भांड्यात तापवला तर कमी उष्णता लागते, आणि प्रसरण पावायला मोकळा ठेवून तापवला तर तेवढ्याच अंशांसाठी जास्त लागते, हे तेव्हा माहीत होतं. मायर म्हणाला की जादा लागलेली उष्णता नाहीशी झालेली नाही, ती वायूने वातावरण ढकलण्यात खर्ची पडली. दोन्हींची बरोबरी मांडून त्याने 1842 साली काढलं की एक किलो पाणी एक अंशाने तापवणारी उष्णता म्हणजे तेवढंच वजन 365 मीटर उंचीवरून पडण्याइतकं काम. आजचा आकडा 427 मीटरच्या आसपास आहे. त्याचा विचार चुकला नव्हता. वायूंच्या उष्णतेची त्या काळची मोजमापं कच्ची होती. आपल्या जस्ताच्या पेल्यातला हिशेब हा मायरचाच हिशेब आहे, फक्त इथे वायू तापवून फुगवलेला नाही, अभिक्रियेतून नव्याने जन्माला आलेला आहे.

आता या दोन उष्णतांना नावं देऊ. पदार्थाच्या आत जी काही ऊर्जा साठलेली असते, रेणूंच्या बंधांमधली, त्यांच्या धावण्याची, फिरण्याची, थरथरण्याची, ती सगळी मिळून अंतर्गत ऊर्जा. तिचं अक्षर U. ती एकूण किती आहे हे कुणी मोजत नाही. अभिक्रियेत ती किती बदलली एवढंच पाहायचं असतं आणि बदलासाठी Δ हे चिन्ह. बंद पोलादी पात्रात काहीही ढकललं गेलं नाही, त्यामुळे अंतर्गत ऊर्जेतली सगळी घट उष्णता होऊन बाहेर आली. म्हणून बंद पात्रात मोजलेली उष्णता म्हणजे ΔU. उघड्या पेल्यात दाब कायम वातावरणाचा होता, आणि तिथे मोजलेल्या उष्णतेला म्हणतात एन्थाल्पीतला बदल, ΔH. एन्थाल्पी म्हणजे अंतर्गत ऊर्जा अधिक दाब गुणिले आकारमान. ही बेरीज पहिल्यांदा पाहताना मनमानी वाटते, पण दाब गुणिले आकारमान म्हणजे काय हे आत्ताच आपण दट्ट्यावर पाहिलं: वातावरणात स्वतःसाठी तेवढी जागा करण्याची किंमत.

पगाराच्या चिठ्ठीत व्यवसाय कराची एक ओळ असते. ठरावीक मर्यादेच्या वर पगार तीस हजार असो की तीन लाख, महाराष्ट्रात दरमहा 200 रुपये कापले जातात, फक्त फेब्रुवारीत 300. वायू सोडणाऱ्या अभिक्रियेचं असंच आहे. ΔU हा पूर्ण पगार, ΔH म्हणजे हातात पडलेला, आणि मधली कपात अभिक्रिया किती उष्णता देते यावर ठरत नाही. प्रत्येक मोल वायूमागे ती ठरलेली असते.

ती ठरलेली का असते, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत सुंदर वाटतं. कपात म्हणजे दाब गुणिले वाढलेलं आकारमान. तर मग दाब कमी असलेल्या ठिकाणी कपात कमी व्हायला हवी, नाही का? लेहमध्ये हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ दोन तृतीयांश आहे. तिथे हायड्रोजनला ओझं कमी उचलावं लागणार हे खरं. पण ओझं कमी म्हणून तो फुगणारही जास्त. 25 अंशांना एक मोल वायू मुंबईत साडेचोवीस लिटर जागा घेत असेल तर लेहमध्ये सदतीसच्या आसपास. दट्ट्यावरचं वजन कमी झालं त्याच प्रमाणात अंतर वाढलं, आणि गुणाकार जिथल्या तिथे राहिला. वायूच्या जातीनेही फरक पडत नाही. हायड्रोजन हलका आणि कार्बन डायऑक्साइड जड, पण एक मोल म्हटला की दोघेही जवळपास सारखीच जागा अडवतात. दाब आणि जात दोन्ही हिशेबातून गळून पडतात, आणि उरतं काय, तर किती मोल आणि किती तापमान. आदर्श वायूचं समीकरण हेच सांगतं: दाब गुणिले आकारमान म्हणजे n·R·T. म्हणून सूत्र असं:

ΔH = ΔU + Δn·R·T

इथे Δn म्हणजे अभिक्रियेनंतरचे वायूचे मोल वजा आधीचे वायूचे मोल. R हा वायू स्थिरांक, 8.314 ज्यूल दर मोल दर केल्व्हिन. T केल्व्हिनमध्ये, म्हणजे 25 अंश सेल्सिअससाठी 298. R आणि 298 चा गुणाकार 2478 ज्यूल येतो, म्हणजे 2.48 किलोज्यूल. खोलीच्या तापमानाला एक मोल वायू जन्माला घालण्याची ही कपात. हा एक आकडा लक्षात राहिला तरी पुरे.

घन आणि द्रव पदार्थांनी अडवलेली जागाही बदलते, मग ती का धरली नाही? कारण एक मोल जस्त 65.4 ग्रॅमचं आणि त्याचं आकारमान जेमतेम नऊ मिलिलिटर. त्याच्यासमोर 24,500 मिलिलिटर हायड्रोजन. घन-द्रवांचा हिशेब केला तरी उत्तर शेवटच्या आकड्यातही हलत नाही.

आता हा हिशेब पूर्ण मोलसाठी मांडून पाहू, कारण चुका होतात त्या इथेच. अभिक्रिया अशी:

Zn(s) + 2HCl(aq) → ZnCl₂(aq) + H₂(g)

कोष्टकांत हिच्यासाठी ΔH सुमारे −153.9 किलोज्यूल दिलेली असते. ऋण चिन्ह उष्णता बाहेर पडल्याचं. वायू फक्त एकच, उजवीकडचा हायड्रोजन, म्हणून Δn = 1. सूत्रात घालू: −153.9 = ΔU + 2.48. म्हणून ΔU = −156.4 किलोज्यूल. बंद पात्रात 156.4 किलोज्यूल मिळाले, उघड्यात 153.9. आपल्या दहाव्या भागाच्या जस्ताला 15.64 आणि 15.39, फरक 0.25 किलोज्यूल. दट्ट्याचे 248 ज्यूल इथे पुन्हा भेटतात.

उत्तरपत्रिकांत या ठिकाणी −151.4 हे उत्तर वारंवार दिसतं. 2.48 वजा करायच्या जागी मिळवलेले असतात. चिन्हांच्या नियमांची उजळणी करून ही चूक टळत नाही, ती टळते अर्थ विचारल्याने. उष्णता देणारी अभिक्रिया आहे आणि वायू सोडते आहे, तर उघड्या पात्रात कमी उष्णता मिळायला हवी की जास्त? कमी. मग बंद पात्राचा आकडा मोठा हवा, आणि 151.4 हा 153.9 पेक्षा लहान आहे. चूक लगेच दिसते. दुसरी चूक −2632 अशा अवाढव्य आकड्याने स्वतःला उघडी पाडते: R ज्यूलमध्ये होता आणि ΔH किलोज्यूलमध्ये, मधला हजाराचा भागाकार राहून गेला. तिसरी चूक जास्त लबाड आहे. कुणी T च्या जागी 298 ऐवजी सेल्सिअसचे 25 च घालतो, कपात 0.2 किलोज्यूल येते, आणि उत्तर −154.1 इतकं सभ्य दिसतं की कुणाला शंका येत नाही.

या सगळ्यांहून खोल चूक मात्र Δn मोजताना होते. समीकरणात HCl च्या आधी 2 लिहिलेला दिसतो, हायड्रोजन क्लोराइड हा वायू आहे हे माहीत असतं, आणि विद्यार्थी लिहितो Δn = 1 − 2 = −1. आपल्या पेल्यात तो वायू नाही. तो पाण्यात विरघळून आम्ल झालेला आहे आणि वातावरणात काहीच जागा अडवत नाही. कंसातली ती छोटी अक्षरं, aq आणि g, सजावटीची नसतात. तेच जस्त कोरड्या हायड्रोजन क्लोराइड वायूत ठेवलं आणि कोरडं झिंक क्लोराइड तयार झालं, तर Δn खरोखरच −1 असतो. दोन मोल वायू नाहीसा होतो, एक मोल येतो, वातावरण खाली उतरतं आणि उतरताना अभिक्रियेवर काम करतं. त्या अभिक्रियेची ΔH सुमारे −230.5 किलोज्यूल आहे, आणि ΔU −228.0. इथे उघड्या पात्रात जास्त उष्णता मिळते. मूलद्रव्यं तीच, पण चिन्ह उलटं झालं, ते केवळ कोण कुठल्या अवस्थेत होतं यावरून.

ΔU बद्दल एक रास्त शंका राहते. बंद पात्रातला हायड्रोजन शेवटी अडीच वातावरणं दाबाखाली अडकलेला आहे, उघड्यातला एका वातावरणाला मोकळा. दोन्हींची शेवटची स्थिती वेगळी, मग एकाची ΔU दुसऱ्याला कशी लावायची? उत्तर असं की आदर्श वायूची अंतर्गत ऊर्जा फक्त तापमानावर ठरते. तो दाबून ठेवला की मोकळा सोडला याने ती बदलत नाही, आणि इतक्या कमी दाबाला हायड्रोजन जवळजवळ आदर्शपणेच वागतो. शेकडो वातावरणांचा दाब असेल तर मात्र हे सरळ सूत्र पुरत नाही. तिथे वायूच्या खऱ्या वागण्याची कोष्टकं काढावी लागतात.

कागदावरून प्रयोगशाळेत गेलं की आणखी एक गोष्ट समोर येते, आणि ती पुस्तकांत सहसा नसते. हायड्रोजन आम्लातून कोरडा बाहेर येत नाही. प्रत्येक बुडबुड्यात पाण्याची वाफ असते, आणि पाण्याची वाफ करायला उष्णता लागते, मोलमागे सुमारे 44 किलोज्यूल. 25 अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब 3.17 किलोपास्कल, वातावरणाचा 101.3. म्हणजे एक मोल हायड्रोजन सोबत साधारण 0.032 मोल वाफ नेतो, आणि तिच्यासोबत 1.4 किलोज्यूल. प्रयोगाच्या शेवटी आम्ल चाळीस अंशांच्या जवळ पोचलेलं असतं. त्या तापमानाला वाफेचा दाब 7.4 किलोपास्कल होतो आणि हा चोरटा खर्च मोलमागे 3.4 किलोज्यूलवर जातो. ज्या 2.48 किलोज्यूलच्या मागे आपण लागलो आहोत त्याहून तो मोठा! ज्याने नुसतं उघड्या आणि बंद पात्रातलं तापमान मोजलं आणि फरक पाहिला, त्याला कपात दुपटीच्या जवळ मोठी दिसेल, आणि सूत्रच खोटं आहे असं त्याला वाटेल.

हे घडतंय हे ओळखण्याचा मार्ग अगदी साधा आहे. बाहेर निघणारा वायू निर्जल कॅल्शियम क्लोराइड भरलेल्या यू-नळीतून न्यायचा आणि ती नळी आधी-नंतर तोलायची. तापमान 25 अंशांच्या जवळ राखलं असेल तर आपल्या 6.54 ग्रॅम जस्तामागे नळीचं वजन 58 मिलिग्रॅमच्या आसपास वाढतं, आम्ल तापू दिलं तर त्याहून जास्त. त्या वजनावरून वाफेने नेलेली उष्णता काढायची आणि हिशेबात परत घालायची. चांगल्या उष्णतामापीत वायू थेट बाहेर सोडतही नाहीत. तो आधी पाण्यात बुडवलेल्या वेटोळ्या नळीतून फिरवतात, म्हणजे निदान जादा तापलेल्या वायूची उष्णता आणि थोडी वाफ तिथेच परत मिळते.

जस्ताचंही एक आहे. अगदी शुद्ध जस्त आम्लात सुस्त असतं, अभिक्रिया रेंगाळते आणि तेवढ्या वेळात पेल्यातून उष्णता झिरपत राहते. म्हणून दाणेदार, थोडं अशुद्ध जस्त घेतात, किंवा मोरचुदाच्या द्रावणाचा थेंब टाकतात. थेंबाऐवजी चमचा टाकला तर जस्त आणि तांब्याची स्वतंत्र अभिक्रिया आपली उष्णता मिसळते आणि पाव अंशाचा शोध तिथेच संपतो.

आतापर्यंतची कपात मूळ उष्णतेच्या दीड टक्क्याएवढी होती. ती केव्हा मोठी होते? सूत्रात तापमान T आहे, तेव्हा जिथे वायू फार तापलेला जन्माला येतो तिथे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूर-आवारपूर भागात चुनखडकाच्या खाणी आहेत आणि त्याच्यावर चालणारे सिमेंटचे कारखाने. तिथल्या भट्टीत होणारी पहिली मोठी अभिक्रिया ही:

CaCO₃(s) → CaO(s) + CO₂(g)

दोन घन आणि एक वायू, म्हणून Δn पुन्हा 1. 25 अंशांच्या हिशेबाने ΔH +178.3 किलोज्यूल, म्हणजे उष्णता द्यावी लागते, आणि ΔU +175.8. चिन्ह धन आहे, त्यामुळे कपातीचा अर्थ उलटा लागतो: कार्बन डायऑक्साइडसाठी जागा करण्याचा खर्चही भट्टीनेच द्यायचा, म्हणून उघड्यात जास्त उष्णता लागते.

पण चुनखडक 25 अंशांना फुटत नाही. कार्बन डायऑक्साइडचा दाब वातावरणाएवढा होऊन तो जोमाने सुटायला तापमान 900 अंशांच्या आसपास, म्हणजे 1170 केल्व्हिन लागतं. तिथे Δn·R·T म्हणजे 8.314 गुणिले 1170, सुमारे 9.7 किलोज्यूल. खोलीतल्या आकड्याच्या चौपट. कार्बन डायऑक्साइडचा तोच एक मोल त्या उष्णतेत साडेचोवीसऐवजी 96 लिटर जागा मागतो. इथे एक सावधगिरी हवी. 9.7 हा आकडा 178.3 मधून वजा करायचा नाही, कारण 178.3 हा 25 अंशांचा आकडा आहे आणि ΔH स्वतःही तापमानाबरोबर सरकते. 900 अंशांना ती 170 किलोज्यूलच्या जवळपास असते, तेव्हा ΔU होते 160 च्या थोडी वर. सूत्रातली तिन्ही पदं एकाच तापमानाची असली पाहिजेत, हा नियम खोलीत पाळला नाही तरी फारसं बिघडत नाही, भट्टीत बिघडतं.

एक टन शुद्ध चुनखडक म्हणजे जवळजवळ दहा हजार मोल. त्यातून 440 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि 900 अंशांना त्याच्यासाठी वातावरणात जागा करायला सुमारे 97 मेगाज्यूल लागतात. किलोमागे 20 मेगाज्यूल देणारा कोळसा धरला तर टनामागे पाच किलोच्या जवळ कोळसा नुसता हवा रेटण्यात जातो. त्यातल्या एकाही कणाने चुनखडकातला एकही बंध तोडलेला नसतो. म्हणूनच भट्टीचा इंधनाचा हिशेब ΔU ने मांडला तर कोळसा कमी पडेल. भट्टीचं तोंड वातावरणाला उघडं आहे, तेव्हा हिशेब ΔH चाच.

मात्र हे पाच किलो कायमचे गेले असंही नाही. तापलेला कार्बन डायऑक्साइड भट्टीतून सुटून प्रीहीटर टॉवरमध्ये चढतो आणि वरून खाली येणाऱ्या थंड कच्च्या मालाच्या भुकटीला आपली उष्णता देतो. देता देता तो थंड होतो, आक्रसतो, आणि त्याने रेटलेलं वातावरण त्याच्यावर परत दाबून येतं. दाबताना वातावरण जे काम करतं ते उष्णता होऊन त्याच भुकटीत उतरतं. वायू बाहेर पडताना जितका थंड, तितकी ही वसुली जास्त. 96 लिटरचा मोल आक्रसून पुन्हा साडेचोवीस लिटरचा झाला, तर 9.7 पैकी 7.2 किलोज्यूल परत आले आणि खरी कपात उरली तीच जुनी, 2.48 किलोज्यूल. प्रत्यक्षात टॉवरच्या माथ्यावरचा वायू तीनशे अंशांच्या आसपास बाहेर पडतो, त्यामुळे वसुली अर्धवटच राहते. उरलेल्या उष्णतेवर काही कारखाने वाफ करून वीज काढतात.